पोचट गोंड्यांची गोष्ट : आमच्या गावच्या शाळेतल्या मुलामुलींना खुलं पत्र

पाचवी, सहावी आणि सातवीतल्या मुलामुलींनो,

परवा रात्री आमच्या वावरात टेम्पोतून दोन पेट्या उतरल्या आणि सकाळी शाळेत जाताना तुमची अख्खी रांग बांधावर थांबली. पेट्यांतून माश्या बाहेर पडत होत्या. तुमच्यातल्या एकीने विचारलं, "काकू, मध कधी काढणार?" मी म्हटलं, मध माझा नाही, पेटीवाल्याचा आहे. मी या माश्या भाड्याने आणल्यात. तेव्हा सगळे हसलात. माश्यांना कुणी भाडं देतं का, असं तुम्हाला वाटलं असणार. घंटा झाली, तुम्ही पळालात आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं.

ते उत्तर मी इथे लिहिते आहे. तुमच्या सरांना विचारून पत्र शाळेच्या फळ्याशेजारी लावलंय. ते उघडं ठेवलंय, कारण आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याची गावं पुष्कळ आहेत आणि तिथल्या पोरांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. थोडं लांब आहे. त्यात एक गोष्ट आहे, ती आधी सांगते.

विहिरीजवळचा आमचा उंबर तुम्ही पाहिलाय. त्याच्या बुंध्यात, माझ्या खांद्याच्या उंचीवर एक ढोली आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या ढोलीत सातेरी माश्यांचं मोहोळ होतं. सातेरी म्हणजे आपली इथली मधमाशी. आग्या उंच फांदीवर किंवा कड्याला उघडं, एकच मोठं पोळं लटकवते. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं बांधते. सातेरीला मात्र अंधार लागतो. झाडाची ढोली, भिंतीतली भगदाडं, अशा ठिकाणी ती एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधते, वहीची पानं उभी धरावीत तशी. पेटीत राहायला ती तयार होते ती त्यामुळेच. आमचे मामंजी पाणी शेंदायला गेले की ढोलीपुढे उभे राहायचे नाहीत, बाजूने जायचे. "त्यांच्या दारात उभं राहू नये," एवढंच म्हणायचे.

त्या ढोलीत एका वर्षी, संक्रांतीच्या दिवशी, राणीने एका षटकोनी घरात एक अंडं घातलं. तिळापेक्षा बारीक, पांढरं. त्यातून निघालेल्या माशीला आपण सातू म्हणू. माश्या एकमेकींना नावं देत नाहीत, पण आपल्याला गोष्ट सांगायला नाव लागतं.

तीन दिवसांनी अंड्यातून अळी निघाली. डोळे नाहीत, पाय नाहीत, फक्त खायचं. दाई माश्या दिवसातून कितीतरी वेळा येऊन तिला भरवायच्या. काय भरवायच्या? आधी स्वतःच्या डोक्यातल्या ग्रंथींतून येणारं दुधासारखं खाणं, नंतर मध आणि पराग यांचं कालवण. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मधमाश्यांच्या घरात मध म्हणजे भाकरी आणि पराग म्हणजे डाळ. मधाने उडायची ताकद येते, पण अंग वाढतं ते परागाने. ज्या घरात पराग संपला, तिथे बाळं वाढत नाहीत. राणीसुद्धा मग अंडी घालायचं कमी करते.

अळी मोठी झाल्यावर तिच्या घराला मेणाचं झाकण लागलं. आत तिचे डोळे, पाय, पंख तयार झाले आणि अंडं घातल्यापासून एकोणीस-वीस दिवसांनी सातू झाकण कुरतडून बाहेर आली. अंग ओलसर, केस चिकटलेले. पहिलं काम काय मिळालं? झाडलोट. ज्या घरातून ती निघाली तसली रिकामी घरं चाटूनपुसून साफ करायची, म्हणजे राणी त्यांत पुन्हा अंडी घालते. मग काही दिवस ती दाई झाली. मग तिच्या पोटाखालून मेणाचे पातळ पापुद्रे सुटायला लागले, तेव्हा ती गवंडी झाली. मग आलेला गोड रस पंखांच्या वाऱ्याने आटवायचं काम. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो, तसाच साठवला तर आंबून जाईल. म्हणून रात्रभर शेकडो माश्या वारा घालतात. फेब्रुवारीच्या शांत रात्री उंबराला कान लावला की आतून घूं असा एकसारखा आवाज यायचा. मी लावलाय कान, म्हणून सांगते.

मग थोडे दिवस दारावर पहारा. आणि जन्मल्यावर साधारण तीन आठवड्यांनी सातू पहिल्यांदा कामासाठी बाहेर पडली.

पण जायचं कुठे, हे तिला कुणी सांगितलं? दुसऱ्या एका माशीने, नाचून. पोळं उभं असतं, तुमच्या वर्गातल्या फळ्यासारखं. आत अंधार. खाणं सापडलेली माशी त्या उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ रेषेत चालते, वळसा घालून मागे येते, पुन्हा त्याच रेषेत चालते. ती सरळ वर चालली, तर अर्थ असा की सूर्याच्या दिशेने जा. सरळ खाली चालली, तर सूर्याकडे पाठ करून जा. रेषा उजवीकडे तिरकी असेल, तर सूर्याच्या तेवढंच उजवीकडे. आणि थरथरत किती वेळ चालली, त्यावरून अंतर कळतं. जास्त वेळ, तर जास्त लांब. बाकीच्या माश्या तिच्या अंगाला मिशा लावून हे सगळं अंधारात ओळखतात. ही भाषा उलगडली कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने, आणि 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तुम्हाला करून पाहायचं असेल तर फळ्यावर सूर्य वरच्या बाजूला आहे असं समजा आणि एकमेकांना शाळेचा नळ, पिंपळ, देऊळ यांची दिशा नाचून सांगा.

त्या दिवशी नाच सांगत होता, जवळच आहे, विहिरीच्या उगवतीला. तिथे आमचे डोंगळे होते.

डोंगळे म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना मोठे काळे मुंगळे आठवतील, पण मी कांद्याचे डोंगळे म्हणतेय. काही गावांत डेंगळे म्हणतात. तुम्ही कांद्याच्या घरची पोरं आहात, तरी एकदा सांगते. उळे म्हणजे कांद्याचं बी. ते टाकून रोप होतं, रोप लावून कांदा होतो, आणि कांद्यात बी नसतं. बी हवं असेल तर चांगले, एकसारखे, निवडलेले कांदे दिवाळीच्या सुमारास पुन्हा मातीत लावायचे. त्यांना पोकळ नळ्यांसारखे दांडे येतात, दांड्याच्या टोकावर पांढरा गोंडा फुलतो आणि त्या गोंड्यात उळे धरतं. एक एकर कांदा लावायचा तर तीन-चार किलो उळे लागतं. हे तीन-चार किलो कुठून येतं, हाच आपल्या गोष्टीचा खरा प्रश्न आहे.

एक गोंडा हातात घेऊन जवळून पाहा. ते एक फूल नाही. बारीक बारीक फुलांचा तो गुच्छ आहे. एका गोंड्यात दोनशे-तीनशे, मोठा असेल तर त्याहून जास्त फुलं. सगळी एकदम उमलत नाहीत, आज थोडी, उद्या थोडी, असं दोन-तीन आठवडे चालतं. एका फुलाला सहा पाकळ्या, सहा पुंकेसर. पुंकेसराच्या टोकाला पिवळट पराग असतो. मधोमध फुलाचं पोट आहे, त्याचे तीन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात दोन बिया होऊ शकतात. म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा. तीनशे फुलांच्या गोंड्याचे किती, ते तुम्ही करा. तेवढं कधीच धरत नाही, पण त्याच्या निम्मं धरलं तरी शेतकरी खूश होतो.

आता यातली गंमत ऐका. कांद्याचं फूल दोन पाळ्यांत चालतं, सकाळची शाळा आणि दुपारची शाळा असते तसं. फूल उमलतं तेव्हा पहिली पाळी पराग देण्याची. आधी आतले तीन पुंकेसर पराग सोडतात, मग बाहेरचे तीन. या वेळी मधली काडी, म्हणजे कुक्षी जिच्या टोकावर असते ती, अगदी खुजी असते आणि पराग घ्यायला तयारच नसते. पराग देऊन संपल्यावर ती काडी वाढते, लांब होते, आणि मग तिचं टोक पराग घ्यायला तयार होतं. तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. म्हणजे बी धरायची असेल तर दुसऱ्या फुलाचा पराग इथवर यायला हवा. असं का, हेही ऐका. कांद्याला स्वतःच्याच परागावर बी धरायला लावली तर त्या बीची रोपं अशक्त निघतात. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाला मिळाला, तर तरारून येतात.

बाजरी, मका यांचं काम वाऱ्यावर भागतं. त्यांचा पराग हलका, कोरडा, वाऱ्याबरोबर उडणारा. कांद्याचं तसं नाही. त्याचा पराग उचलून न्यायला कुणीतरी लागतं.

सातू पहिल्या गोंड्यावर उतरली ती गोड रसासाठी. पुंकेसरांच्या बुडाशी रसाचे थेंब असतात, तिथे तिने तोंड खुपसलं आणि तिच्या केसाळ अंगाला पराग चिकटला. नुसता घासून चिकटला असं नाही. उडताना माशीच्या अंगावर थोडी वीज साठते, तुम्ही कोरड्या केसांतून फणी फिरवून कागदाचे कपटे उचलता ना, तशी. परागाचे कण तिच्याकडे उडी मारून येतात. मग तिने उडता उडता पायांनी अंग विंचरलं, पराग गोळा करून मागच्या पायांवरच्या टोपल्यांत दाबून भरला. तो घरी, बाळांच्या डाळीसाठी. पण कितीही विंचरलं तरी केसांत काही कण राहतातच. दहाव्या, पंधराव्या गोंड्यावर दुसऱ्या पाळीतलं एक फूल भेटलं, काडी लांब झालेलं. तिथे तिची पाठ घासली आणि दोन-चार कण काडीच्या टोकाला लागले. त्या कणातून एक सूक्ष्म नळी फुटली, काडीतून खाली पोटापर्यंत गेली आणि तिथे बी धरली. सातूला यातलं काही माहीत नव्हतं. ती पुढच्या फुलावर गेली होती.

आणखी एक गोष्ट तिच्यात आहे आणि ती फार मोलाची. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. कांद्यावर निघाली तर कांद्यावरच. माशी कांद्यावरून मोहरीवर, मोहरीवरून शेवग्यावर गेली, तर मोहरीवर पडलेल्या कांद्याच्या परागाचा काय उपयोग? एका फेरीत पन्नास ते शंभर फुलं, दिवसात कितीतरी फेऱ्या, आणि मोहोळात तिच्यासारख्या हजारो. म्हणून गोंडे भरतात.

सातूने साधारण तीन आठवडे असं काम केलं. पंखांच्या कडा झिजून फाटल्या. शिमग्याच्या सुमारास ती एका गोंड्यावरून उडाली आणि घरी पोचली नाही. कामकरी माशीचं कामाच्या दिवसांतलं आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास असतं. तोवर ढोलीत तिच्यामागे नव्या माश्या तयार होत्या, आणि मोहोळ चालू होतं.

इथवर सगळं छान होतं. आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं, ते सांगते.

गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, आम्ही बांध साफ केले. चारही बाजूंनी. पूर्वेच्या बांधावर दोन बोरी होत्या, त्या काढल्या. ओढ्याकडची बाभूळ सरपणाला विकली. उरलेल्या गवतावर आणि रानफुलांवर पाऊस पडल्यावर तणनाशक मारलं. बांध कसा स्वच्छ दिसतो, असं आम्ही सगळे म्हणालो. मीसुद्धा म्हणाले.

आता वर्षाचा हिशेब माशीच्या बाजूने मांडा. आमचे डोंगळे फुलतात फार तर महिनाभर. उरलेले अकरा महिने तिने काय खायचं? हिवाळ्यात शेवगा, धणे, तूर, कुठे मोहरी. चैत्रात कडुलिंब आणि जांभूळ, मग करंज, पावसाच्या तोंडावर चिंच. पावसाळा तिला सगळ्यात अवघड. त्या दिवसांत आधार होता बाभळीच्या पिवळ्या गोंड्यांचा आणि बांधावरच्या रानफुलांचा, आणि पाऊस सरताना बोरीचा. बोरीचं फूल हिरवट, बारीक, आपलं लक्षही जात नाही, पण त्यावर माश्यांची झुंबड असते. तेवढा सगळा मधला तुकडा आम्ही कापून टाकला. वावरात मका होता, पण मक्यात पराग मिळतो, गोड रस मिळत नाही. नुसत्या डाळीवर किती दिवस काढणार?

श्रावणात एके दिवशी ऊन पडलं होतं. दुपारी मी विहिरीवर होते. उंबराच्या ढोलीतून माश्या भडाभडा बाहेर पडल्या, हवेत मोठं भिरभिरं झालं, आणि तो ढग डोंगराच्या बाजूला निघून गेला. मला वाटलं, वाट फुटली असेल, नवीन मोहोळ वेगळं झालं असेल, जुनं आत असेलच. चार दिवसांनी बॅटरी लावून पाहिलं. पोळी होती, पण मधाचा थेंब नव्हता, एक अळी नव्हती. महिन्याभराने त्या पोळ्यांवर मेणकिड्याची करडी जाळी पसरली. सातेरीचा हा स्वभाव आहे. उपासमार झाली, मुंग्यांनी किंवा मेणकिड्याने छळलं, की ती साठवलेलं संपवते, नवी अंडी थांबवते आणि घर सोडून जाते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. आम्हीच तिचं ताट उचललं होतं.

मग दिवाळी झाली, आम्ही वीस गुंठे डोंगळे लावले, आणि फेब्रुवारीत गोंडे फुलले. पांढरे, गोल, मोठे. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. खतपाण्यात काही कमी नव्हतं. पण वावरात आवाज नव्हता. दरवर्षी सकाळी दहाला गोंड्यांतून फिरलं की कानाशी गुणगुण असायची. त्या वर्षी कुठूनतरी आलेल्या चार-दोन आग्या माश्या, थोड्या फुलोरी, काही साध्या माश्या. त्याही कांद्यावर पराग नेतात, पण एवढ्या वावराला त्या पुरणार कशा?

त्यात माझी दुसरी चूक. फुलकिडे दिसले म्हणून मी फूल ऐन भरात असताना सकाळी नऊला फवारणी करवली. दुसऱ्या दिवशी सरीत माश्या पडलेल्या होत्या, काही जागच्या जागी गरगर फिरत होत्या, मेलेल्यांच्या जिभा बाहेर आलेल्या. जीभ बाहेर काढून मेलेल्या माश्या खूप दिसल्या, की विषाची शंका घ्यायची, हे मला पेटीवाल्याने नंतर सांगितलं. फवारायचंच असेल तर फुलं उघडायच्या आधी फवारून घ्यावं. फुलोऱ्यात अगदीच टळत नसेल तर माश्या घरी गेल्यावर, दिवस मावळल्यानंतर, आणि औषध कोणतं ते कृषी सहायकाला विचारून.

मार्चअखेर गोंडे हातात घेतले तर हलके. फुलाला पराग मिळाला असेल तर आठवड्याभरात त्याचं पोट फुगतं, तीन कोपऱ्यांचं हिरवं, टणक बोंड होतं. पराग मिळाला नाही तर ते कागदासारखं सुकतं, चिमटीत धरलं की चुरा होतो. आमच्या गोंड्यांत टणक बोंडं मधूनमधून, बाकी चुरा. ताडपत्रीवर वाळवून, बडवून, पाखडलं तेव्हा वाऱ्याने उडून गेलं तेच जास्त. घरच्या लावणीला पुरेल एवढंही उळे निघालं नाही. विकत आणावं लागलं. आणि उळे असं आहे की जुनं चालत नाही, वर्ष उलटलं की त्याची उगवण घसरते. आदल्या वर्षीचं ठेवून भागवावं, असंही करता येत नाही.

म्हणून या वर्षी पेट्या. या पेट्यांतल्या माश्या सातेरी नाहीत, मेलिफेरा आहेत, बाहेरच्या देशातून आणलेली, अंगाने थोडी मोठी जात. पेट्या आणायची वेळ मात्र सांभाळावी लागते. फुलं उमलायच्या आधी आणल्या तर माश्या आजूबाजूला दुसरं काही शोधतात आणि तिथेच जायची सवय धरतात. कारण खरं सांगायचं तर कांद्याचा रस त्यांच्या फारसा आवडीचा नाही. त्यात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी मोहरी फुललेली असली की त्या कांदा सोडून मोहरीकडे जातात. म्हणून दहातलं एक फूल उघडलं तेव्हा आम्ही पेट्या आणल्या, रात्री, दारं जाळीने बंद करून, आणि डोंगळ्यांच्या अगदी कडेला ठेवल्या. तोंड उगवतीला, म्हणजे ऊन लवकर लागून माश्या लवकर निघतात. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात त्या मुंग्यांसाठी. आणि बाजूच्या घमेल्यात पाणी आणि खडे आहेत, ते माश्यांना पिण्यासाठी. खडे काढू नका, त्यांच्यावर बसून त्या पाणी पितात, नाहीतर बुडतात.

पण पेट्या महिन्याभराने परत जाणार. पेटीवाला त्या पुढच्या फुलोऱ्याला नेईल. त्याला चालतं, कारण तो फुलांच्या मागे गावोगाव फिरतो. आमच्या बांधावर काय आहे, याच्याशी त्याचं घेणं नाही. मला मात्र दरवर्षी भाडं भरून परक्या माश्या आणायच्या नाहीत. उंबराच्या ढोलीत पुन्हा सातेरी यावी, आणि आली तर टिकावी, असं मला वाटतं. त्यासाठी तुमची मदत हवी.

गेल्या पावसाळ्यात मी पूर्वेच्या बांधावर पुन्हा बोरी लावल्यात, त्यांना मोठं व्हायला वेळ आहे. तोवर पटकन फुलणारं काहीतरी हवं. माझ्याकडे कारळ्याचं बी आहे. पावसाळ्यात पेरलं की दसऱ्याच्या आसपास पिवळी फुलं येतात आणि माश्यांना ती फार आवडतात. धण्याचं बी आहे, तुळशीच्या मंजिऱ्या आहेत. शाळेच्या कुंपणाला लावायला शेवग्याच्या फांद्या मी देते, त्या फांद्यांवरून येतात. ज्यांच्या घरचा बांध आहे त्यांनी घरी विचारून बी घेऊन जा. आणि बांधावर तणनाशक मारायचं ठरलं, तर घरच्यांना एवढंच विचारा की फुलं झाल्यावर कापलं तर चालेल का. मुलांनी विचारलेलं मोठी माणसं ऐकतात, माझ्या घरी तरी ऐकतात.

डंखाबद्दलही सांगून ठेवते. मधमाशी घराच्या दारात अडवली किंवा चिरडली गेली की चावते. फुलावर असताना सहसा नाही. चावली तर काटा नखाने लगेच खरवडून काढा, कारण तो वेगळा झाल्यावरही थोडा वेळ विष सोडत राहतो. कुणाला दम लागला, तोंड सुजलं, तर वाट न बघता दवाखान्यात. आणि देवळाच्या शिखराखाली आग्या मोहोळ आहे, त्याला दगड मारायचा नाही. आग्या एकटी येत नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. रस्त्याच्या कडेच्या पहिल्या सरीत मी तीन गोंडे फुलायच्या आधीच मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांधलेत, तोंडाला लाल दोरी. त्यांच्या शेजारच्या तीन दांड्यांना पांढरी दोरी आहे, ते उघडे आहेत. जाळीतून वारा जातो, ऊन जातं, पाणी सहाही गोंड्यांना सारखंच. माशी फक्त जात नाही. गोंडे पिकले, म्हणजे बोंडं तडकून आतलं काळं उळे दिसायला लागलं, की मी निरोप पाठवीन. तुमची परीक्षा तोवर होत आली असेल. रुमाल घेऊन या, सहा गोंडे सहा रुमालांवर चोळू आणि मोजू. जाळीतल्या गोंड्यात अगदीच काही नसेल असं नाही, थोडंफार उळे निघेल. ते कसं धरलं असेल, माशी नसताना, याचा विचार करून या. मला तुमची उत्तरं ऐकायची आहेत.

आणि येता-जाता उंबराकडे नजर ठेवा. हे दिवस सातेरीच्या वाटा फुटायचे आहेत, जुन्या मोहोळातून नवी मोहोळं निघून जागा शोधतात. मी ढोलीतली किडलेली पोळी खरवडून काढलीत, जुन्या मेणाचा वास मात्र मुद्दाम राहू दिलाय, त्या वासाने माश्या येतात. आधी चार-पाच माश्या येऊन आत-बाहेर करतात, घर बघून जातात. तशा दिसल्या तर ढोलीपुढे उभं राहू नका, बाजूने या आणि मला हाक मारा. मी गोंड्यांतच असेन.

तुमची,
विहिरीवरच्या वावरातली काकू